ट्रेडमिलवरच्या ३४० कॅलरी: आकडा येतो कुठून आणि आहाराच्या आराखड्यात तो कसा धरावा

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. वय ३८ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो आणि दिवसभर बसून काम असलेली एक स्त्री आठवड्यातून पाच दिवस जिमला जाते. तिथे ती ४५ मिनिटे ट्रेडमिलवर ताशी ५.४ किलोमीटर वेगाने, ४ टक्के चढ लावून आणि समोरचा बार धरून चालते. उतरताना मशीनच्या पडद्यावर ३४० कॅलरी दिसतात, तर मनगटावरचे घड्याळ ३८५ दाखवते. घड्याळ मोबाइलमधल्या आहाराच्या ॲपला जोडलेले असल्याने त्या ३८५ कॅलरी तिच्या त्या दिवशीच्या खाण्याच्या मर्यादेत आपोआप वाढवून मिळतात. सगळे प्रामाणिकपणे पाळूनही तीन महिन्यांत वजन जेमतेम किलोभराने हलते आणि ती निराश होते. तिची चिकाटी कमी पडलेली नाही, हे पुढच्या हिशेबातून दिसेल. चालण्यामुळे तिचा जो जादा खर्च झाला, तो मुळात १९० कॅलरींच्या आसपास होता.

३४० आणि १९० यांच्यामधले अंतर एका चुकीने पडत नाही. तीन-चार लहान गोष्टी एकाच दिशेने साठत जातात, म्हणून त्या एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की मशीन किंवा घड्याळ कॅलरी मोजतच नाही. शरीराचा ऊर्जाखर्च खरोखर मोजायचा असेल तर प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून माणूस किती प्राणवायू वापरतो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो हे पाहावे लागते. शरीराने एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात, ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात नुसते कॅलरी म्हणतो. ट्रेडमिलला यातले काहीच कळत नाही. पट्टा किती वेगाने फिरतो आहे, चढ किती आहे, किती वेळ झाला आणि वजन भरले असल्यास ते किती, एवढेच तिला ठाऊक असते. या चार गोष्टींवरून ती एका सूत्राने अंदाज बांधते. अशा सूत्रांपैकी सर्वांत प्रचलित सूत्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन या संस्थेचे आहे आणि ते हातानेही मांडता येते.

चालण्याचा वेग मीटर प्रतिमिनिट असा घ्यायचा. ताशी ५.४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ९० मीटर. सपाट चालण्यासाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे ९. चढासाठी वेग गुणिले चढ गुणिले १.८, म्हणजे ९० गुणिले ०.०४ गुणिले १.८, साधारण ६.५. आणि शरीर नुसते जिवंत ठेवण्यासाठी ३.५. ही बेरीज १९ होते, म्हणजे प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला १९ मिलिलिटर प्राणवायू. आपल्या उदाहरणातील ६८ किलोंना आणि ४५ मिनिटांना लावून लिटरमागे ५ कॅलरी धरल्या की उत्तर येते सुमारे २९० कॅलरी.

मग मशीनने ३४० का दाखवले? कारण सुरुवातीला वजन विचारणारा पडदा आला तेव्हा घाईत नुसते सुरू करण्याचे बटण दाबले गेले. अशा वेळी मशीन आपल्याकडे आधीच भरून ठेवलेले वजन धरते. ते ८० किलो असेल तर वरच्याच सूत्राने उत्तर ३४० येते. ट्रेडमिलला माणूस दिसत नसतो. ५५ किलोची मुलगी आणि ९५ किलोचा पुरुष एकामागून एक वजन न भरता चालले, तर दोघांनाही एकच आकडा मिळेल. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. वजन भरताना आकडा किलोत विचारला आहे की पौंडात, हेही एकदा पाहून घ्यावे.

आता उरलेल्या २९० कडे वळू, कारण खरा मुद्दा इथे आहे. त्या बेरजेतले ३.५ पुन्हा पाहा. ते चालण्याचे नाही, ते विश्रांतीचे आहे. ही स्त्री त्या ४५ मिनिटांत जिमला न जाता घरी खुर्चीवर बसली असती, तरी तिचे हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांनी आपापली ऊर्जा खर्च केलीच असती. मशीन आणि कित्येक घड्याळे हा बसल्याजागीचा खर्चसुद्धा व्यायामाच्या खात्यात दाखवतात. विश्रांतीसह दाखवलेल्या अशा आकड्याला एकूण खर्च म्हणावे आणि विश्रांतीचा भाग वजा करून राहतो त्याला जादा खर्च म्हणावे. आहाराच्या आराखड्यात उपयोगी पडतो तो फक्त जादा खर्च, कारण विश्रांतीचा खर्च दिवसभराच्या गरजेत आधीच मोजलेला असतो. तोच पुन्हा व्यायामाच्या नावाने जमा केला की एकच रक्कम दोनदा धरली जाते. आपल्या उदाहरणात ३.५ वजा केले की २९० चे साधारण २३५ उरतात.

व्यायाम जितका हलका आणि लांबलेला, तितकी ही गफलत प्रमाणाने मोठी होते. जोरात धावताना एकूण खर्चातला विश्रांतीचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, पण सावकाश फेरफटका मारताना तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. तासभर हळू योगासने करणाऱ्याला घड्याळाने १५० कॅलरी दाखवल्या, तर त्यातल्या साठेक कॅलरी त्या तासात टीव्ही पाहतानाही गेल्याच असत्या.

त्या ३.५ या आकड्यातही एक अडचण आहे. तो एक ठरावीक मानक आहे; व्यायामशास्त्रात त्यालाच एक मेट म्हणतात आणि चालणे, पोहणे, झाडू मारणे अशा शेकडो कामांचे मेट दिलेले कोष्टक १९९३ पासून वापरात आहे. पण प्रत्येक माणसाचा विश्रांतीचा खर्च तेवढा असतोच असे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ प्रौढांचा विश्रांतीतला प्राणवायू मोजला, तेव्हा सरासरी ३.५ नव्हे तर २.६ आली. वजन जास्त आणि शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असेल तर किलोमागचा हा खर्च आणखी कमी होतो, कारण चरबीच्या पेशी स्नायूंच्या किंवा अवयवांच्या मानाने फार थोडी ऊर्जा वापरतात. त्यामुळे ज्या यंत्राचा सगळा हिशेब मेट गुणिले वजन असा असतो, ते यंत्र नेमके वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला जास्तीचा आकडा दाखवते. हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत अन्यायकारक अंग वाटते.

राहता राहिला तो बार. चढ लावलेल्या पट्ट्यावर समोरचा बार घट्ट धरून माणूस किंचित मागे रेलला की त्याचे शरीर पट्ट्याशी जवळपास काटकोन करते आणि वजनाचा काही भार हातांवर जातो. चढावर शरीर वर उचलण्याचे जे काम पायांनी करायचे, ते मग बरेचसे उरत नाही. मशीनला मात्र चढ ४ टक्केच दिसतो आणि ते त्या चढाच्या कॅलरी मोजत राहते. चढाचा फायदा पूर्णपणे गेला असे धरले तर जादा खर्च १४० कॅलरींपर्यंत उतरतो. अजिबात गेला नाही तर २३५ राहतो. बार सैलसर धरणाऱ्यासाठी मधला १९० हा आकडा वाजवी आहे. तुमचे काय होते ते ताडायचे असेल तर हात सोडून त्याच वेगाने आणि त्याच चढावर पाच मिनिटे चालून पाहा. श्वास लगेच वाढला आणि वेग कमी करावासा वाटला, तर पडद्यावरचा आकडा तुमच्या बार धरून चालण्याचा नव्हता हे उघड आहे.

सगळ्या मशीनची गोष्ट सारखी नाही. एलिप्टिकलवर, म्हणजे उभ्याने पाय लंबगोल फिरवायच्या मशीनवर, पावलांची लांबी, चाकाचे वजन, फिरणाऱ्या चाकाचा जोर आणि हातांचा वाटा प्रत्येक कंपनीच्या बांधणीत वेगळा असतो, त्यामुळे चालण्यासारखे सर्वमान्य सूत्र तिथे नाही आणि त्या आकड्यावर मी सर्वांत कमी विश्वास ठेवतो. याउलट बसून चालवायच्या ज्या सायकलवर वॅटमध्ये शक्ती दिसते, ती सर्वांत भरवशाची, कारण तिथे निदान पायांनी केलेले काम मोजलेले असते. माणसाचे शरीर सायकल चालवताना खर्च केलेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवते आणि एका कॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात. हे दोन आकडे एकमेकांना जवळपास काटतात. म्हणून ४५ मिनिटे सरासरी १०० वॅट म्हणजे २७० किलोज्यूल काम, आणि शरीराचा एकूण खर्च साधारण २७० कॅलरी, असा सरळ अंदाज बांधता येतो. त्यातून विश्रांतीच्या चाळीसेक कॅलरी वजा कराव्यात.

घड्याळाचा मार्ग वेगळा आहे. त्याच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार टिपतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजतो. मनगटाची हालचाल टिपणारा सेन्सर असतो, आणि वय, लिंग, उंची, वजन ही तुम्ही भरलेली माहिती असते. यावरून कंपनीचे स्वतःचे, सहसा जाहीर न केलेले सूत्र कॅलरी सांगते. ठोके मोजण्याचे काम ही घड्याळे बऱ्यापैकी करतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा सातपैकी सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक ठरलेले उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून उपकरणे बदलली आहेत, परंतु अडचण सेन्सरपेक्षा ठोक्यांवरून कॅलरी काढण्याच्या पायरीत जास्त आहे आणि ती पायरी अजून तीच आहे.

ठोके आणि प्राणवायू यांचे नाते मध्यम ते जोरदार, सलग व्यायामात बऱ्यापैकी सरळ असते, पण ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि व्यायामाखेरीज इतर कारणांनीही ठोके वाढतात. एप्रिल-मे महिन्यात पंख्याखालच्या, दमट हवेच्या जिममध्ये चालताना शरीराला गारवा देण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढतात, स्नायू मात्र तेवढेच काम करतात. घड्याळ ही वाढ कॅलरींमध्ये मोजते. कडक कॉफी, अपुरी झोप, ताण आणि पाणी कमी पडणे यांचाही तसाच परिणाम होतो. वजन उचलताना श्वास रोखून जोर लावला की ठोके आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात, पण त्या प्रमाणात प्राणवायू वापरला जात नाही; दोन सेटच्या मधल्या विश्रांतीतही ठोके चढलेलेच असतात. म्हणून वेट ट्रेनिंगचा आकडा ठोक्यांवरून काढणे मुळातच डळमळीत ठरते. आपल्या उदाहरणातल्या ३८५ कॅलरी अशाच एका उकाड्याच्या संध्याकाळच्या आहेत.

कधी कधी ठोकेच चुकलेले असतात. पट्टा सैल असेल तर सेन्सर नाडीऐवजी हाताच्या लयबद्ध हालचालीला पकडतो, आणि ठोके व मिनिटाची पावले यांचा आकडा एकच होऊन बसतो. घड्याळात दोन्ही एकदम १६५ च्या आसपास अडकून राहिलेले दिसले, तर शंका घ्यावी. थांबल्याबरोबर मानेवर दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे; घड्याळाच्या आकड्याशी दहापेक्षा जास्त फरक आला तर पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधून पुन्हा पाहावे.

चूक नेहमी वरच्याच बाजूला होते असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळे दाबलेले राहतात आणि घड्याळ त्यांचा खर्च कमी दाखवते. ट्रॉलीचा दांडा धरून चालताना मनगट हलत नाही, तेव्हा पावले गळतात. एखाद्या माणसाच्या बाबतीत घड्याळ कमी दाखवेल, दुसऱ्याच्या बाबतीत दीडपट. परंतु वजन कमी करण्याच्या हेतूने वापरणाऱ्यांमध्ये विश्रांतीचा खर्च, किलोमागचा मानक आकडा, उष्णता आणि बार हे सगळे घटक आकडा वरच नेतात.

आता हा आकडा आराखड्यात गेल्यावर काय होते ते पाहू. ॲपने या स्त्रीचा मूलभूत, म्हणजे पूर्ण विश्रांतीतला, दिवसाचा खर्च वय, उंची आणि वजन यांवरून १,३१५ कॅलरी काढला. मग हालचालीची पातळी विचारली. ती आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करते, म्हणून तिने मध्यम सक्रिय हा पर्याय निवडला, आणि ॲपने १.५५ ने गुणून दिवसाची गरज २,०४० धरली. त्यातून ५०० वजा करून रोजचे १,५४० चे लक्ष्य दिले, ज्याने महिन्याला जवळपास दोन किलो उतरावेत. पण १.५५ या गुणकात व्यायाम आधीच मोजलेला आहे. तरीही घड्याळाने व्यायामाच्या दिवशी ३८५ पुन्हा जमा केले. आठवड्याची सरासरी काढली तर तिचे रोजचे खाणे १,८१५ कॅलरी झाले.

खरा खर्च किती? दिवसभर बसून काम करणाऱ्या व्यक्तीसाठी १.३५ हा गुणक जास्त योग्य. त्याने १,७७५ येतात. पाच दिवसांच्या १९० कॅलरी सात दिवसांत वाटल्या की रोजच्या १३५ होतात. बेरीज सुमारे १,९१०. म्हणजे ५०० ची वाटणारी तूट प्रत्यक्षात ९५ कॅलरींची. एवढी तूट फोडणीत दोन चमचे तेल जास्त पडले तरी भरून निघते. शिवाय पाश्चात्त्य लोकांवरून बांधलेली मूलभूत खर्चाची सूत्रे भारतीयांसाठी काहीशी जास्त आकडा देतात असे आपल्याकडे पोषणाच्या शिफारशी करताना धरले गेले आहे. या स्त्रीचा मूलभूत खर्च सूत्रापेक्षा सात टक्क्यांनी कमी असला तर तूट उरतच नाही. तीन महिन्यांत एक किलो हे मग कोडे राहत नाही.

यात आणखी एक थर आहे, तो यंत्राच्या चुकीचा नसून शरीराच्या स्वभावाचा आहे. व्यायामात खर्च झालेली प्रत्येक कॅलरी दिवसाच्या एकूण खर्चात भर घालतेच असे नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेल्या विश्लेषणात असे आढळले की हालचालीत जास्त खर्च झालेल्या कॅलरींपैकी सरासरी २८ टक्के शरीर दिवसाच्या इतर खर्चात काटकसर करून भरून काढते. व्यायामानंतर माणूस जास्त वेळ बसून राहतो हा तर रोजचा अनुभव आहे. म्हणजे मशीन अगदी अचूक असते, तरीही पडद्यावरचा पूर्ण आकडा खाण्याच्या खात्यात घालणे चुकीचेच ठरले असते.

यावर मला पटलेला मार्ग असा की व्यायामाच्या कॅलरी आहारात अजिबात जमा करू नयेत. रोजचे खाणे व्यायाम असो वा नसो एकसारखे ठेवावे, आणि आपला खरा खर्च यंत्राऐवजी वजनाच्या काट्यावरून काढावा. ॲपमध्ये घड्याळाच्या कॅलरी जोडण्याची सोय बंद करता येते. ती बंद करावी, किंवा हालचालीची पातळी बैठी ठेवून त्या सोयीचे प्रमाण अर्ध्यावर आणावे. व्यायाम धरून निवडलेली हालचालीची पातळी आणि घड्याळाच्या जमा होणाऱ्या कॅलरी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

खरा खर्च काढण्याची रीत लांब नाही, पण महिनाभर नेटाने करावी लागते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचे आणि लिहून ठेवायचे. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहायचे नाही, कारण आदल्या रात्रीचे लोणचे-पापड, उशिरा झालेले जेवण किंवा कडक व्यायामानंतर स्नायूंत धरलेले पाणी यांनी तो सहज किलोभर हलतो. सात दिवसांची सरासरी काढायची. त्याच काळात जे जे खाल्ले ते शक्य तितके वजन करून किंवा ठरलेल्या वाटीने मोजून लिहायचे, तेलासह. चार आठवड्यांच्या अंतरावरच्या दोन साप्ताहिक सरासऱ्या तुलनेला घ्यायच्या. स्त्रियांसाठी हे अंतर विशेष सोयीचे आहे, कारण पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते आणि चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चक्राचा तोच टप्पा समोर येतो.

आपल्या उदाहरणात पहिल्या आठवड्याची सरासरी ६८.० आणि पाचव्या आठवड्याची ६७.७ किलो आली असे समजू, आणि या काळात नोंदवलेले खाणे सरासरी १,८१५. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणून ०.३ किलो म्हणजे २,३१०; त्यांना २८ दिवसांनी भागले की दिवसाच्या ८२. हे खाण्यात मिळवले की खरा खर्च साधारण १,९०० येतो. या आकड्यात जिमचे चालणे, बार धरणे, शरीराची काटकसर, घरकाम, सगळे आलेले आहे. कशाचाही वेगळा अंदाज करावा लागत नाही. नोंदीत तेलाचा एखादा चमचा नेमाने सुटत असेल तर ती चूकसुद्धा यात मिसळलेली असते, आणि पुढेही तशीच नोंद होत राहिली तर हिशेब बिघडत नाही. मग ३५० ची तूट हवी असेल तर रोज १,५५० कॅलरी, सातही दिवस सारख्याच. पुढच्या चार आठवड्यांत सव्वा किलोच्या आसपास उतरले पाहिजे. एक किलोपेक्षा बरेच कमी उतरले तर आधी नोंदी तपासायच्या आणि मगच रोजच्या शंभरेक कॅलरी कमी करायच्या. चार-पाच किलो उतरल्यावर हा हिशेब नव्याने करावा, कारण हलके शरीर चालवायलाही कमी ऊर्जा लागते. आहार अचानक बदलला असेल, विशेषतः भात-पोळी एकदम कमी केली असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांची घट बरीचशी पाण्याची असते. तो काळ हिशेबातून वगळावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर आणि स्तनदा मातांनी हे आकडे स्वतःच्या मनाने ठरवू नयेत. डॉक्टरांशी बोलूनच पुढे जावे.

घड्याळ आणि मशीन यांचा उपयोग यानंतरही आहे, तो तुलनेसाठी. एकच ट्रेडमिल, तेच भरलेले वजन, तोच वेग आणि चढ, हात सुटे, असे ठेवले तर आजचे ४५ मिनिटांचे चालणे मागच्या आठवड्याइतके झाले की नाही हे मशीन नीट सांगते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. तोच वेग आणि तोच चढ असताना सहा-आठ आठवड्यांत घड्याळावरचा आकडा ३८५ वरून ३३० वर येऊ शकतो, आणि पुष्कळांना वाटते की व्यायामाचा परिणाम कमी होत चालला. प्रत्यक्षात हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागलेले असते, त्यामुळे त्याच कामाला कमी ठोके लागतात. स्नायूंचा खर्च जवळपास तेवढाच आहे, घड्याळाचा अंदाज तेवढा उतरला. हा बदल चांगला आहे, आणि तो आकडा पुन्हा वर नेण्यासाठी मुद्दाम दमछाक करून घेण्याचे कारण नाही.

यंत्राशिवाय पडताळा घ्यायचा असेल तर वरच्या सूत्रातून आणि त्याच संस्थेच्या धावण्याच्या सूत्रातून दोन सोपे ठोकताळे निघतात. सपाट रस्त्यावर नेहमीच्या गतीने चालताना प्रत्येक किलोमीटरला वजनाच्या किलोमागे साधारण अर्धी कॅलरी जादा खर्च होते, आणि धावताना साधारण एक, मग धावण्याचा वेग कितीही असो. ६८ किलोच्या व्यक्तीला एक किलोमीटर चालण्याचे ३४ आणि धावण्याचे ६८. दहा हजार पावले म्हणजे सातेक किलोमीटर धरले तर २४० च्या आसपास जादा कॅलरी होतात. घड्याळ त्यासाठी ५०० दाखवत असेल, तर त्यात विश्रांतीचा खर्च मिसळला आहे किंवा सूत्र ढिले आहे. काही घड्याळांत ॲक्टिव्ह आणि टोटल असे दोन आकडे वेगळे मिळतात. त्यातला ॲक्टिव्ह हा जादा खर्चाच्या जवळचा असतो, म्हणून पाहायचाच असेल तर तो पाहावा.

रोजच्या तासाभराच्या व्यायामासाठी काहीच जमा करू नये, हा नियम लांब पल्ल्याच्या दिवसांना मात्र लागू पडत नाही. मॅरेथॉनच्या तयारीत रविवारी १८ किलोमीटर धावणाऱ्या ६८ किलोच्या व्यक्तीचा जादा खर्च सव्वाबाराशे कॅलरींच्या घरात जातो. तो पूर्णपणे दुर्लक्षून १,५५० कॅलरींवर तो दिवस काढला तर थकवा, चिडचिड आणि दुसऱ्या दिवशीची अनावर भूक ठरलेली, आणि पुढच्या आठवड्याचा सराव बिघडतो. अशा दिवशी अंतर गुणिले वजन या ठोकताळ्याने आलेल्या आकड्याचा निम्मा ते पाऊण भाग खाण्यात वाढवावा. त्यातला काही धावण्याआधी आणि धावताना केळे, खजूर किंवा साखरेच्या पाण्याच्या रूपाने, आणि उरलेला त्याच दिवशीच्या जेवणात भात-वरण, दही, अंडी अशा अन्नातून. दोन तासांपेक्षा जास्त चालणारी गडाची चढाई किंवा घाटातली सायकल फेरी यांनाही हेच धोरण लावावे. चढाला अंतराचा ठोकताळा अपुरा पडत असल्याने तिथे घड्याळाचा आकडा घेऊन त्याचा निम्मा भाग धरणे व्यवहारात जमण्यासारखे आहे, आणि तो बरोबर होता की नाही हे पुढच्या आठवड्याच्या वजनाच्या सरासरीत दिसते.